चेंडूंच्या खोलीची किल्ली

रात्रभर धुकं पडत होतं आणि सकाळीही हटायचं नाव घेत नव्हतं. समोरच्या इमारतीतले दिवे कुणी कापसात गुंडाळून ठेवल्यासारखे दिसत होते. बाईंनी उठल्या उठल्या स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाखालची बादली उचलली, खिडकीतल्या कुंड्यांमध्ये ओतली आणि परत नळाखाली सरकवली. हा नळ दुरुस्त करता करता नळवाला म्हातारा झाला होता, पण नळाचं गळणं काही थांबलं नव्हतं.

"अगं, शेवटचा आठवडा तुझा," पांघरुणातून नवऱ्याचा आवाज आला. "आज तरी उजाडल्यावर जा."

"चेंडूंना कळतं होय, माझा शेवटचा आठवडा आहे ते?"

"त्या चेंडूंनी माझा संसार खाल्ला," नवरा म्हणाला आणि कूस बदलून झोपला. हे वाक्य तो लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून म्हणत आला होता, त्यामुळे त्यात आता राग उरला नव्हता, नुसती सवय होती.

बाईंनी गळ्याभोवती मफलर आवळला, पिशवीत लाकडी पट्टी टाकली आणि निघाल्या.

या पट्टीवरूनच त्यांना शाळेत पट्टीबाई म्हणायचे. नवीन पालकांना वाटायचं, मारकुट्या असतील. एका आजोबांनी तर नातवाच्या प्रवेशाच्या दिवशी हात जोडून विनंती केली होती, "बाई, तळहातावर मारा, पण डोक्यात नको." बाईंनी त्या पट्टीने आयुष्यात माशीसुद्धा मारली नव्हती. ती पट्टी होती पुस्तकातल्या ओळीखाली धरायला. ज्या मुलाची नजर वाचता वाचता घसरून खालच्या ओळीत पडते, त्याच्यासाठी पट्टी म्हणजे जिन्याचा कठडा. एक ओळ झाली की पट्टी खाली सरकवायची, पुढची ओळ. बस. यात जादू नव्हती, पण रोज करावं लागायचं.

शाळा तीन मजली, मधे मैदान, फाटकाशी रखवालदाराची खोपी. जिन्याखाली एक बुटकी खोली होती, खेळाच्या सामानाची. आत वाकूनच जावं लागायचं. जाळीत अडकवलेले चेंडू, दोऱ्या, एका पायाने अधू असलेलं बाक आणि हाताने दाबायचा पंप. बाईंनी कुलूप काढलं तेव्हा चार-पाच मुलं धुक्यात पाय आपटत उभीच होती. आईबाप कामाला लवकर जाणारे, तेव्हा मुलं शाळेत लवकर सोडलेली.

सगळ्या शाळेला ठाऊक होतं की ही मुलं 'चेंडूवाली' आहेत. पट्टीबाईंच्या हाताखाली चेंडूंत हवा भरतात. मैदानावर त्यांचा भाव असायचा, कारण कुठला चेंडू टणक आहे हे त्यांनाच माहीत. खरी गोष्ट अशी की पाचवी-सहावीत येऊनही या मुलांना वाचता येत नव्हतं.

फार वर्षांपूर्वी, तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी अशा मुलांसाठी वेगळा वर्ग काढला होता. दारावर पाटी होती, 'विशेष मार्गदर्शन'. मुलांनी चौथ्या दिवशी त्याचं नाव 'ढ खोली' करून टाकलं. पाचव्या दिवशी एक मुलगा संडासात कडी लावून बसला, शाळा सुटेपर्यंत बाहेरच आला नाही. बाई तेव्हा नव्या होत्या. त्यांनी काही भाषण केलं नाही. खेळाच्या खोलीची किल्ली मागून घेतली, म्हणाल्या, चेंडू रोज मऊ पडतात, मला थोडी मुलं लागतील मदतीला. तेव्हापासून पहिल्या घंटेआधीचा हा तास चालत आला. वेळापत्रकात नव्हता, हजेरीपटावर नव्हता. मुलांना एकच अट होती. आत काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही. ही अट मुलांनी इतकी पाळली की कित्येकांच्या घरीसुद्धा कळलं नाही.

"काल कुठे होतो?" बाईंनी बाकावर बसत विचारलं.

"कुत्र्याच्या धड्यावर," एक मुलगी म्हणाली. हिला बाई घाई म्हणायच्या. कारण हिचं सगळंच घाईत. दप्तर घाईत उघडायची, पंप घाईत मारायची, पंपाची सुई न भिजवता चेंडूत खुपसायची आणि मोडायची. आणि वाचन तर असं धडाधड, की ऐकणाऱ्याने म्हणावं, पोरगी हुशार आहे. अख्खा धडा एका श्वासात. वर्गशिक्षिकेने कधीच शेरा देऊन टाकला होता, वाचन उत्तम.

बाईंना पहिल्या दिवशीच संशय आला होता. त्यांनी धड्याच्या शेवटच्या ओळीवर पट्टी ठेवली होती, म्हणाल्या होत्या, इथून वाच. पोरगी गप्प. मग तिने पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात पुटपुटायला सुरुवात केली, शेवटच्या ओळीपर्यंत पोचायला. तिला एक अक्षर धड येत नव्हतं. दुसऱ्यांचं ऐकून ऐकून ती पुस्तकंच्या पुस्तकं पाठ करत होती. बाईंच्या मते हे वाचण्यापेक्षा दहापट अवघड काम होतं.

त्या दिवसापासून घाईचं वाचन उलटं चाललं होतं. ओळीतला शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा. उलटं वाचताना गोष्ट मदतीला येत नाही, अंदाज चालत नाही, अक्षराकडे बघावंच लागतं. इतर मुलं तोवर पाळीपाळीने पंप मारायची. बाहेरून जाणाऱ्याला नुसता फस्स फस्स आवाज ऐकू यायचा, त्याखाली कुजबुज झाकली जायची.

आज घाईने 'हलवली' वाचलं. मग 'शेपटी'. मग अडली. ओठ हलले, बाईंनी पाहिलं, पोरगी आठवायला लागली होती.

"आठवू नकोस. बघ."

"बाई, नवीन बाई कोण येणार?"

"आधी शब्द."

"ते... ज... जोरात." घाईने मान वर केली. "बाई, शुक्रवारनंतर पट्टी कोण धरणार?"

पंप मारणारी मुलंही थांबली होती, म्हणून बाई त्यांच्यावर ओरडल्या, "हवा भरा रे, ऐकत काय बसलाय!"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधत त्या महिनाभर फिरत होत्या. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वयाने बाईंपेक्षा लहान, पण हुद्द्याने मोठ्या. त्यांना बाईंनी दार लावून सगळं सांगितलं होतं. मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मला अर्धं ठाऊक होतंच हो. म्हणून तर मी कधी त्या बाजूला फिरकले नाही."

"मग आता कोणाला तरी नेमा."

"नेमू कशी? तुमचे तास मी वाटले. पाचवीचे हिला, सहावीचे तिला. हा तास तासच नाहीये. जे वेळापत्रकात नाही ते मी कुणाला वाटू? आणि घेतला वेळापत्रकात, तर मुलांची नावं लावावी लागतील, पालकांच्या सह्या, वर अहवाल. म्हणजे परत ढ खोली. बरं, घंटेआधी ये असं मी कोणाला सांगू शकत नाही, उद्या संघटना दारात उभी राहील."

"मग मीच येत जाईन. मला कुठे जायचंय?"

मोठ्या बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मागच्या वर्षी शेजारच्या शाळेत एक परका माणूस आत शिरला होता. तेव्हापासून ओळखपत्राशिवाय फाटकाच्या आत कोणी नाही, माजी कर्मचारी तर नाहीच नाही, असा आदेश निघाला होता. "शुक्रवारी तुमचं ओळखपत्र मलाच जमा करून घ्यायचंय, बाई," त्या म्हणाल्या. "कोणी आपण होऊन आलं, तर मी जशी तुमच्यासाठी आंधळी झाले तशी त्याच्यासाठी होईन. एवढंच माझ्या हातात आहे. तुम्ही विचारून बघा ना."

बाईंनी विचारलं. एकीचं बाळ अंगावर पिणारं. एकजण दोन गाड्या बदलून येणारा, त्याला पहिली घंटाच गाठता गाठता नाकी नऊ येत. एक म्हणाली, "बाई, तुमची पुण्याई वेगळी," आणि चहाचा कप घेऊन उठून गेली. खोटं कोणीच बोलत नव्हतं, तीच पंचाईत होती. भांडायला माणूसच मिळेना.

"निरोपाच्या पोस्टमध्ये लिहा," शेवटी मोठ्या बाईंनीच सुचवलं. शाळेच्या फेसबुक पानावर निवृत्त होणाऱ्याने चार ओळी लिहायच्या, असा रिवाज पडला होता. माजी विद्यार्थी, पालक, शिक्षक, सगळे त्या पानावर. "हजारो लोक वाचतात. कोणीतरी पुढे येईल. पण मुलांचं..."

"मुलांचं नाही लिहिणार," बाई म्हणाल्या. "एवढी अक्कल आहे मला."

आधीच्या निरोपाच्या पोस्टी बाईंनी काढून वाचल्या. ज्ञानमंदिर, ऋणानुबंध, पाणावलेले डोळे. कवितेच्या सरांनी तर स्वतःला विझणारी पणती म्हटलं होतं आणि पुढच्या महिन्यापासून खासगी शिकवणी सुरू केली होती. बाईंनी जेवणाच्या टेबलावर बसून, नवऱ्याच्या घोरण्याच्या तालावर आपली लिहिली.

"नमस्कार. शुक्रवारी मी निवृत्त होतेय. मोठ्या बाई म्हणाल्या, चार ओळी लिहा. भाषेच्या बाईला चार ओळी पुरतील असं त्यांना का वाटलं, देव जाणे.

मी इथे आले तेव्हा माझी वेणी कमरेपर्यंत होती आणि दुसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खिडकी लागत नव्हती. वेणी गेली. खिडकी अजून लागत नाही.

मी कोणाला घडवलं वगैरे नाही. मुलं आपली आपण वाढतात, आपण मधून मधून सरळ बस म्हणतो. काही जणांवर मी विनाकारण ओरडले. त्यातल्या एकाने परवा दवाखान्यात मला इंजेक्शन दिलं. दुखलं नाही, म्हणजे त्याने माफ केलं असावं.

शिक्षकांच्या खोलीतली माझी खुर्ची डावीकडे कलते. जो घेईल त्याने मागच्या पायाखाली पुठ्ठा घालावा. पुठ्ठा खणात आहे.

एक काम मात्र मागे राहतंय. जिन्याखालचे चेंडू रात्रीतून मऊ पडतात. रोज पहिल्या घंटेआधी कोणीतरी त्यांच्यापाशी येऊन बसावं लागतं. घाई केली तर सुई मोडते. काहींना फार वेळ लागतो. पण भरतात, सगळे भरतात, मी पाहिलंय. ज्याला हे काम घ्यावंसं वाटेल त्याने मला एकट्याने येऊन भेटावं, मी नीट समजावून सांगेन. पैसे मिळणार नाहीत, चहाही नाही. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

बाकी सगळं ठीक. फळा पुसूनच जाईन."

नवऱ्याने सकाळी वाचलं. "छान आहे. रडवत नाही," म्हणाला. मग डोकं खाजवून, "पण शेवटचं कोणाला कळेल?"

"ज्याला आतून वाटेल तो येईल विचारायला. एकच माणूस हवाय मला."

पोस्ट टाकायचं काम खेळाच्या सरांकडे, कारण शाळेतले सगळे फोटो त्यांच्या फोनमध्ये. उमदा माणूस, आवाज मैदानाएवढा. त्यांनी बाईंचा एक जुना फोटो शोधून काढला, मांडीवर चेंडू, हातात पंप, केस विस्कटलेले, आणि पोस्टच्या डोक्यावर चिकटवून दिला.

दुपारपर्यंत पोस्टवर लाल बदामांचा पाऊस पडला. बाई दोन तासांच्या मधे जिन्यात उभ्या राहून वाचत होत्या. "बाई अजून तश्शाच!!!" "हसून हसून मेले, पुठ्ठा खणात आहे 😂" "बाई, मी येतो हवा भरायला, पण माझ्या पोटातली आधी काढा." "अशी पोस्ट फक्त पट्टीबाईच लिहू जाणे." 'गंमत म्हणून लिहीत नाहीये' हे वाक्य तर कोणीतरी उचलून परत लिहिलं होतं आणि त्याखाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लागली होती. बाई वर्गात ज्या ज्या वेळी हे वाक्य म्हणाल्या होत्या, त्या त्या वेळी वर्ग हसला होता. आता त्याच मुलांनी, मोठी होऊन, सवयीने हसून दाखवलं.

बाईंनी खाली लिहिलं, "खरंच म्हणतेय. कोणीतरी हवं आहे."

त्यालाही बदाम आले.

मधे मधे मात्र काही जणांनी नुसतंच लिहिलं होतं, "चेंडू. आठवतात." पुढे काही नाही. बाईंनी नावं ओळखली. एक ट्रक चालवणारा होता, त्याने तर संध्याकाळी फोनच केला. मागे हायवेचा घोंघाट.

"बाई, वाचली पोस्ट. पट्टी न लावता वाचली."

"कळलं तुला?"

"मला नाही कळणार तर कोणाला? पण बाई, मी महिन्यातून दोन दिवस घरी असतो. नाहीतर आलो असतो, आईशप्पथ." मग आवाज खाली आला. "तिथे जास्त काही लिहिलं नाही, रागावू नका. बायकोला ठाऊक नाही ना... म्हणजे मला तेव्हा येत नव्हतं ते."

"नको लिहूस," बाई म्हणाल्या. "गाडी सावकाश चालव."

रात्री जेवणानंतर त्यांनी ठरवलं, आता झाकपाक पुरे. फोन घेऊन त्या सरळ लिहायला बसल्या, "ते चेंडू म्हणजे चेंडू नव्हेत, ती मुलं आहेत, त्यांना..." इतकं लिहून झालं आणि वर एक नवी प्रतिक्रिया येऊन पडली. घाईच्या आईची. "माझी मुलगी रोज बाईंसोबत चेंडू भरायला जाते. अभ्यासात हुशार आहेच, शिवाय सेवाभावही शिकली. आम्हाला फार अभिमान वाटतो. धन्यवाद बाई 🙏" सोबत घाईचा फोटो, गणवेशातला, दात दिसणारा.

बाईंनी लिहिलेलं एकेक अक्षर मागून पुसत आणलं. शेवटचा शब्द आधी, मग त्याच्या अलीकडचा.

शुक्रवारी सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या. शाल, फुलं, मोठ्या बाईंचं छोटंसं भाषण. मग खेळाचे सर मंचावर आले, चेहरा लग्नातल्या वरबापासारखा. हातात खोका.

"बाईंनी पोस्टमध्ये एक चिंता व्यक्त केली होती," ते गरजले. "आम्ही ती मनावर घेतली! एका माजी विद्यार्थ्याने दुकानातून पाठवून दिला. विजेवर चालणारा पंप!"

त्यांनी तिथेच तार लावली, एक मऊ चेंडू घेतला, सुई खुपसली आणि बटण दाबलं. घर्रर्र. चेंडू बघता बघता टणक झाला. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. "आता कोणाला लवकर यायची गरज नाही!" सर म्हणाले.

चेंडूवाली मुलं भिंतीकडेला बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. घाई बाईंकडे बघत होती, ओठ मिटून, अगदी शब्द अडल्यावर बघायची तशी. बाईंना बोलायला सांगितलं तेव्हा त्या उठल्या, माईकसमोर उभ्या राहिल्या, "फार छान पंप आहे," म्हणाल्या आणि बसल्या. लोक भरपूर हसले.

कार्यक्रम संपल्यावर त्यांनी सरांना कोपऱ्यात घेतलं आणि न लपवता सांगितलं. सरांचा एवढा मोठा आवाज नाहीसा झाला. ते हातातला खोका या हातातून त्या हातात करत राहिले.

"मला आधी नाही का सांगायचं बाई? मी सगळी पोस्ट चेंडूंची करून टाकली."

"तुमचा दोष नाही. मीच तशी लिहिली."

"मी बसलो असतो हो. पण सकाळी मी तिकडे क्लबात पोहायला शिकवतो, त्यावरच घर उभं आहे. इथे घंटेला पोचतो तो धावत." त्यांनी खोका खाली ठेवला. "नुसती खोली उघडी ठेवायला सांगू का रखवालदाराला?"

"मग मुलं काय करतील आत?"

"बसतील."

"बसतील," बाई म्हणाल्या.

त्यांनी किल्ली सरांच्या हातावर ठेवली. ओळखपत्र मोठ्या बाईंच्या टेबलावर. मोठ्या बाईंनी ते उचललं नाही, नुसतं फायलीखाली सरकवलं. पट्टी बाईंच्या पिशवीतच राहिली, कारण ती त्यांची स्वतःची होती.

पुढच्या आठवड्यात बाई भाजी घेऊन येत होत्या, तर समोरून घाई आणि तिची आई. आई बाईंच्या पाया पडायला वाकली, बाईंनी तिला दंडाला धरून उभं केलं.

"काय गं, चेंडू कसे आहेत?"

"मशीन लगेच भरतं बाई. शिपाईकाका बटण दाबतात. आम्ही मैदानात बसतो."

"आणि धडा?"

घाईने एकदा आईकडे बघितलं. "नवा सुरू झाला."

"सांग ना बाईंना," आई म्हणाली, "काल आजीला घडाघडा वाचून दाखवलास तो."

पोरीने खालमानेने चपलेचा अंगठा जमिनीवर घासला. मग बाईंकडे न बघता, भर रस्त्यात, पुस्तक जवळ नसताना, नवा धडा पहिल्या ओळीपासून म्हणायला लागली. एक शब्द चुकत नव्हता. आई कौतुकाने ऐकत होती. बाईंनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आत भाजीखाली पट्टी होती, अजून काढून ठेवली नव्हती. संध्याकाळी आमच्याकडे पाठव हिला, असं त्या म्हणणारच होत्या.

"आता आम्ही लांब राहायला जातोय, हिच्या बाबांच्या कामाजवळ," आई म्हणाली. "शाळा हीच, गाडी सोडेल, येता-जाता अंधार. पण म्हटलं, अभ्यासाची काळजी नाही, पोरगी हुशार आहे."

"हुशार आहे," बाई म्हणाल्या. हे खोटं नव्हतं. "शेवटून वाचत जा गं, मधून मधून."

"हो बाई."

"शेवटून?" आईने हसून विचारलं. "बाईंची गंमत!"

बाई घरी आल्या. नवरा पेपर तोंडासमोर धरून बसला होता. "अगं, मघापासून टपटप चाललंय, भरून वाहील ती," पेपराआडून म्हणाला. बाईंनी भाजी ओट्यावर ठेवली, नळाखालची बादली ओढली आणि खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला लागल्या.